पानाची तांबडी कड

सोमवारी ताई गेली. निरोप घेऊन माणूस खोडाळ्याहून जव्हारला पोचला तेव्हा मी शाळेत होतो. मी फळा पुसला, मुलांना सोडलं आणि घरी जाऊन आईला सांगितलं. आई जात्यावर बसली होती. ती उठली. त्यानंतर जात्याचा खुंटा तिने हातात घेतला नाही.

ताई माझ्याहून मोठी. तिला खोडाळ्याला दिली होती, भात-नागली पिकवणाऱ्या घरात. शेतातली कामं ती सगळ्यांसारखीच करायची, पण जीव गुंतायचा तो घरात, ओटीवर वाढणाऱ्या झाडांत. ज्याचं फळ खायचं नाही आणि फूल देवाला वाहायचं नाही असं झाड कोणी जपतं का, म्हणून सासरच्या बायका हसायच्या. ताई त्यांच्याबरोबर हसायची आणि झाडाला पाणी घालायची.

संस्थानच्या बागेतल्या माळ्याकडून एक कांडी मागून मी तिला दिली होती. बिगोनियाची. बांबूसारखं पेरापेराचं खोड, एका अंगाला कललेलं लांबट पान, वरून हिरवं आणि त्यावर चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखे पांढरे ठिपके. खालून मात्र पान तांबडं, कुंकवाचं बोट पुसल्यासारखं. ताईने ती कांडी जगवली, वाढवली आणि तिच्यापासून दुसरी केली. दोन कुंड्या झाल्या. एक तिची, एक आईची. आईची कुंडी संक्रांतीला घेऊन येते म्हणाली होती. संक्रांतीला तिला ताप होता.

ताईचे दिवस झाल्यावर ती कुंडी दाजी घेऊन आले. दाजी म्हणजे ताईचे यजमान. शेतकरी माणूस, बोलणं थोडं, पण जे बोलायचे ते मोठ्याने. बैलगाडीत पेंढ्यावर कुंडी ठेवून, मोखाड्याला मुक्काम करून ते आले. कुंडी ओटीवर ठेवली आणि म्हणाले, "आई, ही तुमची. तिनं बोलून ठेवलं होतं."

आई कुंडीजवळ बसली. त्या दिवशी ती प्रथम पोटभर जेवली.

मग ते रोजचंच झालं. सकाळी उठून आधी झाडाला पाणी, मग आईच्या तोंडात घास. माझी बायको भाकरी पुढे करून म्हणायची, "आई, आता तुमचं." आई म्हणायची, "आधी तिचं." झाडाला ती 'ती' म्हणू लागली होती. आई जेवते आहे ना, मग झाडाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

आईने त्या कुंडीची जागा देवघरासारखी राखली. आमच्या ओटीची जमीन शेणाने सारवलेली. पूर्वी आई सणावारी सारवायची, आता चार दिवस गेले की सारवण. कुंडी उचलायची, खालची जमीन सारवायची, आणि सारवण ओलं आहे तोवरच कुंडी परत जागेवर. "तिला उघड्यावर कशाला ठेवायची?" असं तिचं म्हणणं.

फाल्गुनात पानं वळू लागली.

एका सकाळी मला ते दिसलं. पानं पिवळट, जड, आणि कडा आतल्या बाजूला दुमडल्यासारख्या. आईला ते माझ्या आधीच दिसलं होतं. त्या दिवशी तिने अर्धीच भाकरी खाल्ली.

खोडाळ्याच्या बाजाराला जाणारा एक कासार आमच्या आळीत राहायचा. त्याच्याबरोबर मी दाजींना निरोप धाडला, की झाडाची पानं वळायला लागली आहेत, ताई अशा वेळी काय करायची ते आठवत असेल तर कळवा. पुढच्या बाजाराला उलटा निरोप आला. कासाराने आमच्या दारात उभं राहून दाजींच्याच आवाजात तो सांगितला: "माझ्या कुंडीचीबी पानं वळली हायत. मी सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं, तर झाड उठलं. तुमीबी घाला."

आईचा चेहरा उजळला. तिला वाटलं, लेकीच्या घरातूनच उत्तर आलं. त्या दिवसापासून तीही सकाळ-संध्याकाळ पाणी घालू लागली.

झाड उठलं नाही. खालची पानं गळाली. देठ बोटाला मऊ लागू लागले. माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, झाडाला जलोदर व्हायचा अशाने." आईने ते ऐकलं. तिने तांब्या खाली ठेवला आणि भिंतीला टेकून बसली.

"हे गेलं की माझंही झालं," ती म्हणाली. रडून नाही, एखादा बेत सांगावा तसं म्हणाली. त्या दिवशी तिने ताट परत केलं. दुसऱ्या दिवशीही केलं.

मी शाळेत पोरांना बेरजा घालायचो आणि मनात त्या कुंडीकडे पाहत राहायचो. घरी यायचो तो आधी ओटीवर. मला पुस्तकं वाचायची सवय, पण माझ्याकडच्या पुस्तकांत झाडं होती ती वनवासातल्या रामाच्या वाटेवरची. त्यांची पानं वळत नव्हती.

चैत्र लागला आणि एका दुपारी दारात बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. दाजी! गाडीत पेंढ्यावर कुंडी. त्यांची, म्हणजे ताईची.

"मास्तर," ते उतरता उतरताच ओरडले, "पाणी घालून घालून हात दुखले, तरी दुपार झाली की ही बया पानं वळवतेच. सकाळी बरी, दुपारी रुसली. म्हटलं तुमाला दाखवावी."

"आमची तर कायमचीच रुसली आहे," मी म्हणालो.

"मग दोघी भैनींना शेजारी बसवू. बोलतील एकमेकींशी."

त्यांनी कुंडी उचलली आणि आमच्या कुंडीशेजारी ठेवली. ठेवण्याआधी धोतराच्या सोग्यातून तीन दगड काढले, चूल मांडावी तसे जमिनीवर मांडले आणि त्यांवर कुंडी बसवली. माझी बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "दाजी, भात शिजवताय का तिच्यावर?"

"तिची रीत हाय," दाजी म्हणाले. "मी मोडली नाय."

आम्ही चौघं दोन्ही कुंड्यांसमोर बसलो. आईही सरकून पुढे आली. मग माझ्या बायकोने मान एका बाजूला कलती केली आणि म्हणाली, "अहो, यांची लाल दिसताहेत."

"काय लाल?"

"पानं. कडा. तुम्हाला दिसत नाही? दाजींच्या झाडाच्या सगळ्या पानांना लाल काठ आहे. आपल्या झाडाला नाही."

मी पाहिलं. झाड तेच होतं, एकाच कांडीचं. दाजींच्या झाडाला लाल काठ आला कुठून? मी गुडघ्यांवर वाकलो. दाजींच्या झाडाची पानं कडांनी वर वळली होती, होडीसारखी, ओंजळीसारखी. खालची तांबडी बाजू कडेकडेने वर आली होती, तोच लाल काठ. आमच्या झाडाची पानं कडांनी खाली वळली होती, पालथ्या होडीसारखी. त्यांचं तांबडं सगळं आत दडलं होतं.

"दाजी!" मी ओरडलोच. "तुमचं वर वळलंय, आमचं खाली!"

"म्हंजे?"

"म्हणजे दोघींचं दुखणं एक नाही! आपण एकच औषध दोघींना देत होतो!"

दाजींनी दोन्ही कुंड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी कुठं बोललो, वर का खाली?"

"आणि मी कुठे विचारलं!"

आईने दाजींच्या झाडाचं एक पान बोटांत धरलं. कोरडं, पातळ, कडेला करपलेलं. मग आमच्या झाडाचं धरलं. थंड, लिबलिबीत. ती हळूच म्हणाली, "ह्या पानाला तहान लागली आहे. आणि ह्याचं पोट फुगलं आहे."

मला हसू फुटलं. कित्येक दिवसांत आई भाकरी आणि पाण्याखेरीज कशाबद्दल बोलली नव्हती.

मी आमच्या कुंडीच्या मातीत बोट खुपसलं. चिखल. दाजींच्या कुंडीत खुपसलं. सकाळीच पाणी घातलेलं, तरी बोटाला कोरडी माती. ते समजण्यासारखं होतं, गाडीत सकाळपासून ऊन खात आली होती. पण आमच्या कुंडीतलं पाणी जात का नव्हतं? कुंडीला खाली भोक होतं, मी स्वतः ताईला तशी कुंडी नेऊन दिली होती.

"उचल बघू," आई म्हणाली.

मी उचलायला गेलो. उठेना. जोर लावला तेव्हा टर्र असा आवाज झाला आणि कुंडीबरोबर आमची जमीनच वर आली. कुंडीच्या बुडाला सारवणाची भाकरीएवढी चकती चिकटली होती, वाळून कडक, गुळगुळीत. भोक त्यात पुरतं बुजलं होतं. आई चार चार दिवसांनी ओल्या सारवणावर कुंडी ठेवत गेली होती आणि दर वेळी बुडाला एक थर चढत गेला होता.

मग दाजी हळूच म्हणाले, "म्हणून ते दगड."

आम्ही त्या तीन दगडांकडे पाहिलं. ताईचं घरही सारवणाचं. तिला हे कधीतरी कळलं असेल, आणि तिने कोणाला न सांगता कुंडी दगडांवर चढवली असेल. आईची कुंडी दाजींनी आणली तेव्हा दगड खोडाळ्यालाच राहिले. दगड कोण बरोबर बांधून देतं?

आई उठली. म्हणजे खरोखर उठली. पदर खोचला. "सूनबाई, विळी आण. आणि अंगणातली बारीक वाळू. मास्तरांना म्हणावं, फुटकं कौल शोधा."

मला 'मास्तर' ती फक्त थट्टेत म्हणायची. मी धावत सुटलो.

कुंडी आडवी करून, बुडावर थोपटून आईने झाड मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढलं. आंबूस वास सुटला. मुळं खालच्या अंगाला काळी, चिमटीत धरली की साल निघून येणारी. वरची थोडी अजून पांढरी, टणक. आईने काळी सगळी विळीवर कापून टाकली. भोकावर कौलाचा तुकडा पालथा ठेवला, जुनी माती टाकून दिली, वाळलेल्या पाल्याच्या भुसभुशीत खतात वाळू मिसळून झाड पुन्हा लावलं. शेंड्याची एक निरोगी कांडी कापून वेगळ्या मडक्यात खोचली. "एक गेलं तर एक राहील," ती म्हणाली, आणि मी दाजींकडे पाहण्याचं टाळलं.

पाणी? मी तांब्या पुढे केला. आईने माझ्या हातावर चापट मारली. "आता नाही. बोट घालून बघायचं, बोट कोरडं निघालं तर घालायचं."

दाजींनी आपल्या कुंडीखालचे दगड ओढून आमच्या कुंडीखाली मांडले. "मी घरी दुसरे घेतो," ते म्हणाले. "दगडाला काय तोटा."

मग त्यांच्या झाडाची पाळी आली. आई विचारू लागली. कुंडी कुठे असते? ओटीवर. कोणत्या अंगाला? मावळतीच्या. ऊन येतं का? दुपारनंतर येतं, भिंत तापते, तापलेल्या भिंतीला हात लावला तर चटका बसतो.

"मग माझी लेक तिथेच ठेवायची का कुंडी?"

दाजी बोलता बोलता थांबले. "नाय," ते म्हणाले. "जेवणं झाली की ती उचलून माजघरात न्यायची. संध्याकाळी परत ओटीवर. मी हसायचो. म्हणायचो, पोर हाय का ती, दुपारी निजवायला नेतेस? मला वाटलं, हौस हाय तिची."

ते उठून बाहेर गेले. बैलांना वैरण टाकण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

आत आले तेव्हा डोळे धुतलेले होते आणि आवाज नेहमीसारखा मोठा होता. "आई, सांगा. पाणी किती घालू?"

"पाणी बोटाला विचारून. आणि दुपारी तिला आत ने. पान वर वळलं की समज, तहान तरी आहे नाहीतर ऊन तरी लागतंय. ओंजळ करून पान अंग चोरतं."

हे आईला कोणी शिकवलं होतं? कोणी नाही. ती त्या दुपारी दोन झाडांसमोर बसून शिकली, आमच्याबरोबरच. संध्याकाळी दाजींचं झाड आत, गारव्याला ठेवलं होतं. कडा खाली आल्या, तांबडा काठ जवळजवळ दिसेनासा झाला. करपलेलं तेवढं करपलेलं राहिलं. माझी बायको कंदील वर धरून म्हणाली, "लाल काठ उतरला हो बाईचा!" आणि आई हसली. ताई गेल्यानंतर पहिल्यांदा. चौघंही एकाच वेळी जेवलो.

दाजी परत गेले. आमचं झाड मात्र बरेच दिवस नुसतं उभं राहिलं. आधी वळलेली पानं सरळ झाली नाहीत, एकेक करून गळाली. आई रोज बोट घालायची आणि बहुतेक वेळा तांब्या तसाच परत न्यायची. जेवत होती, पण माझ्याकडे न पाहता.

मग पेऱ्यातून कोंब आला! बारीक, चकचकीत, मिटलेल्या मुठीसारखा. मी शाळेतून मधल्या सुट्टीत घरी येऊन तो पाहून जायचो. त्यामागे आणखी दोन आले. आणि उलगडता उलगडता ती कोवळी पानं पुन्हा कडांनी खाली वळली.

आईने ते पाहिलं. "पुन्हा तेच," ती म्हणाली. "पुन्हा तेच रे."

मी बोट खुपसलं. माती कोरडीच होती. कुंडी उचलली, बुडाचं भोक उघडं, खाली दगड. पाणी कुठेच नव्हतं. मग पान खाली का वळावं? मी पुन्हा कुंडी उचलली, पुन्हा ठेवली, आणि तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, मुंग्या कशाला चढताहेत?"

खोडावरून मुंग्यांची रांग वर चालली होती, थेट कोवळ्या पानांकडे.

"मुंग्या पाणी प्यायला जात नाहीत," ती म्हणाली, आणि पान उलटं केलं.

तांबड्या पाठीवर हिरवट ठिपके, बाजरीच्या दाण्याहून लहान, शेकडो. मावा! वालाच्या शेंगांवर पडतो तोच. पानाच्या पाठीला चिकटून रस पीत बसला होता. पान त्याच बाजूला आखडत होतं, आणि त्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या येत होत्या.

मी उडी मारली असेन, कारण बायको म्हणाली, "शाळेतली पोरं बघतील." मला पर्वा नव्हती. पाणी नव्हतं ते! मुळं शाबूत होती! खाली वळलेल्या पानाची दोन कारणं असू शकतात, एक मातीत असतं आणि एक पानाच्या पाठीला, आणि आमचं धुऊन काढता येण्यासारखं होतं.

"आई," मी ओरडलो, "पोट फुगलेलं नाही, उवा झाल्यात तिला!"

आई क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "उवा? तिला? लहानपणी तर कधी झाल्या नव्हत्या." आणि पदराने तोंड झाकून हसू लागली, इतकी की तिला उचकी लागली.

रिठे आमच्या घरात होतेच. ते उकळून, गार करून, फेस काढून आईने मऊ फडकं त्यात बुडवलं आणि एकेक पान तळहातावर पालथं घेऊन पुसलं, जशी ती ताईचे केस धूत असेल तसं. मग साध्या पाण्याचा हात फिरवला. चार दिवसांनी पुन्हा, आणि पुन्हा. मुंग्या येईनाशा झाल्या. त्यानंतर जे पान आलं ते सपाट उघडलं. चुन्याचे शिंतोडे वर, तांबडं खाली, कडा जिथे असायला हव्यात तिथे. आईने ते तळहातावर तोलून धरलं आणि म्हणाली, "आता जेवायला वाढ."

कासाराबरोबर आम्ही निरोप धाडला. या वेळी मी तो त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतला: पान वर वळलं की पाणी आणि सावली बघा. खाली वळलं की आधी माती बघा, मग पानाची पाठ बघा. उलट निरोप आला: "दुपारी आत नेतो. पानं सपाट हायत. आईंना सांगा, शेजारच्या बाया आता मला हसतात."

पावसाळ्याआधी आई स्वतः गाडीत बसून खोडाळ्याला जाऊन ताईची कुंडी पाहून आली. आल्यावर जात्यावर बसली.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. दाजी गेले, त्यांची कुंडी त्यांच्या पुतण्याकडे आहे. आई गेल्या आश्विनात गेली. शेवटपर्यंत तिचं बोट रोज मातीत जायचं, आणि शेवटच्या आठवड्यात ते मी धरून मातीत नेलं.

मी हे हळूहळू लिहितो आहे. ओटीवर बायको जमीन सारवते आहे. कुंडी दगडांवर आहे.